हाताचा एक्स-रे आणि 'बोन एज': कमी उंचीच्या मुलाची वाढ नक्की किती शिल्लक आहे?

मुलाची उंची कमी म्हणून डॉक्टरकडे गेलं की बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या भेटीतच डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतात, आणि रिपोर्ट हातात आला की त्यात लिहिलेलं असतं 'बोन एज ११ वर्षे', मुलगा मात्र तेरा पूर्ण. झालं, घरात चर्चा सुरू. आजी म्हणते हाडं कच्ची राहिली, आई म्हणते मी सांगत होते दूध पीत नाही, आणि बाबा कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन येतात. माझ्या ओपीडीत हे इतक्या वेळा झालंय की आता रिपोर्ट हातात देण्याआधीच सांगतो, बोन एजचा आणि हाडांच्या मजबुतीचा काही संबंध नाही. या एक्स-रेवरून हाडं ठिसूळ की भक्कम हे बघतच नाहीत. बघतात एवढंच, की हा सांगाडा मोठ्या माणसाचा सांगाडा होण्याच्या वाटेवर कुठपर्यंत पोचलाय.

आता हे कळतं कसं? लहान मुलाच्या हाडाच्या टोकाला हाड नसतं, कूर्चा असते, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. म्हणून तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे पाहिला तर वाटतं बोटांची हाडं एकमेकांपासून सुटीच आहेत, मनगटात तर मोकळी जागाच जागा. नवजात बाळाच्या मनगटात सहसा एकही हाड दिसत नाही, दोन-तीन महिन्यांत दोन दिसायला लागतात आणि मग एक एक करत आठ होतात. प्रत्येक लांब हाडाच्या टोकाजवळ एक छोटी टोपीसारखी चकती तयार होते तिला एपिफायसिस म्हणतात, आणि ती चकती आणि मुख्य हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसते ना, तीच ग्रोथ प्लेट. फट दिसते म्हणून लोकांना वाटतं तिथे काहीतरी तुटलंय, पण खरं तर सगळी उंची तिथेच तयार होते. कूर्चेच्या पेशी तिथे रांगेत वाढतात, फुगतात आणि मागच्या बाजूने हाडात बदलत जातात, असं करत हाड लांब होतं.

ही फट कायमची राहत नाही. वयात येताना शरीरात इस्ट्रोजेन वाढतं आणि ते या प्लेटला हळूहळू संपवतं. मुलींमध्ये तर ते कळतं, पण मुलांमध्येसुद्धा हेच होतं, टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि प्लेट बंद करायचं काम तोच करतो. १९९४ साली एका अशा माणसाची केस छापून आली होती ज्याच्या शरीराला इस्ट्रोजेन 'ऐकूच' येत नव्हतं, म्हणजे त्याचा रिसेप्टर बिघडलेला. वय २८, उंची २०४ सेंटीमीटर, बोन एज फक्त १५, आणि गडी अजून वाढतच होता! त्या एका केसने बरंच काही स्पष्ट केलं. उलट ज्या मुलीला खूप लवकर पाळी येते ती शाळेत आधी सगळ्यात उंच असते आणि नंतर वर्गातल्या बाकीच्या तिला मागे टाकतात, कारण तिच्या प्लेट लवकर मिटतात.

उंची तर पायाची आणि पाठीची वाढते, मग एक्स-रे हाताचाच का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. हाताच्या एका छोट्या फिल्ममध्ये बोटांची आणि तळव्याची एकोणीस हाडं, मनगटाची आठ आणि हाताच्या नळीची दोन हाडं एकदम दिसतात, म्हणजे पुष्कळ ग्रोथ प्लेट एका फोटोत बघायला मिळतात, त्याही वेगवेगळ्या वयात बदलणाऱ्या. शिवाय रेडिएशन अगदीच नगण्य, साधारणपणे चार-पाच तासांत आपल्याला निसर्गातून आपोआप जेवढं मिळतं त्याहून जास्त नाही, आणि हात शरीरापासून लांब टेबलावर ठेवता येतो. डावा हात घ्यायचा हा संकेत आहे, तुलनेचे जुने फोटो डाव्या हाताचे आहेत म्हणून. चुकून उजव्याचा काढला तर जगबुडी होत नाही, फरक फारसा नसतो.

पण एक्स-रे नीट काढलेला असणं मात्र फार गरजेचं आहे आणि इथेच आपल्याकडे गडबड होते. तळवा टेबलावर सपाट, बोटं थोडी फाकलेली, अंगठा त्याच्या नैसर्गिक तिरक्या कोनात, मधलं बोट हाताच्या नळीच्या सरळ रेषेत आणि मनगटाच्या वरची दोन-तीन सेंटीमीटर नळी फिल्ममध्ये आलीच पाहिजे. खूप वेळा फिल्म मनगटापाशीच कापलेली येते, म्हणजे रेडियस आणि अल्ना या दोन हाडांची टोकंच नाहीत. मोठ्या मुलांमध्ये सगळ्यात शेवटी मिटणारी प्लेट तिथेच असते, ती नसेल तर काय वाचणार? आणि मुलाने घाबरून बोटं वाकवली असतील तर उघडी प्लेटसुद्धा बंद झाल्यासारखी दिसते. सेंटरवरून निघायच्या आधी फिल्म उजेडात धरून एवढं बघा की बोटांच्या टोकापासून नळीच्या हाडांपर्यंत सगळं आलंय ना, नाहीतर तिथल्या तिथे परत काढून घ्या.

वाचायचं कसं ते सांगतो. जगात सगळ्यात जास्त वापरला जातो तो ग्रॉयलिक आणि पायल या दोघांचा ॲटलास, त्याची दुसरी आवृत्ती १९५९ ची, आणि तीच अजून चालू आहे. त्यात मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे फोटो आहेत, प्रत्येक वयाचा एक नमुना, आणि डॉक्टर तुमच्या मुलाची फिल्म घेऊन पानं उलटत बघतात की कुठल्या फोटोशी सगळ्यात जास्त जुळतंय. लहान वयात मनगटातली हाडं किती उगवली ते बघायचं, सहा-सात वर्षांनंतर बोटांच्या त्या चकत्या मुख्य हाडाइतक्या रुंद झाल्या का ते, वयात येताना त्या चकत्या कडेने खाली वळून हाडाला टोपी घातल्यासारख्या झाल्या का ते, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक तिळाएवढं सुटं हाड उगवतं ते आलं का ते. हे तिळाएवढं हाड, सेसमॉइड, मुलींमध्ये साधारण बोन एज ११ ला आणि मुलांमध्ये १३ ला दिसतं, म्हणजे वयात येण्याची जोरदार वाढ सुरू झाल्याची ती खूण. त्यानंतर मिटण्याचा क्रम, आधी बोटांच्या टोकाकडच्या प्लेट, शेवटी रेडियसची.

दुसरी एक पद्धत आहे टॅनर-व्हाइटहाउस, तिच्यात एकेका हाडाला अक्षर देऊन गुण बेरीज करतात, जास्त काटेकोर पण वेळखाऊ, गर्दीच्या ओपीडीत सहसा कोणी करत नाही. रिपोर्टवर कुठली पद्धत वापरली ते लिहिलेलं असावं, कारण दोन्हीचे आकडे सरसकट अदलाबदल करून चालत नाहीत.

आता एक मुलगा घेऊ, आकडे धरून पुढे जाऊ, नाहीतर हे सगळं हवेतच राहतं. वय १३ वर्षं २ महिने, उंची १३७ सेंटीमीटर. आयएपीच्या, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, २०१५ च्या तक्त्यावर टिंब ठेवलं तर अगदी तळाच्या रेषेजवळ बसतो. वर्गात सगळ्यात पुढच्या बाकावर, कबड्डीच्या टीममध्ये घेत नाहीत, मुलगा चिडचिडा झालाय. बाबांची उंची १६४, आईची १५२. विचारल्यावर बाबा म्हणाले, "मी पण दहावीपर्यंत बुटकाच होतो हो, बारावीनंतर उंच झालो, दाढी तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला." आईची पाळी पंधराव्या वर्षी आलेली. मुलाची गेल्या तीन वर्षांतली उंची शाळेच्या हेल्थ कार्डवर होती आणि ती दर वर्षी साडेचार-पाच सेंटीमीटर वाढत होती. तपासणीत टेस्टिसचा आकार नुकताच ४ मिलीवर पोचलेला, हे आम्ही लाकडी मण्यांच्या माळेशी जुळवून बघतो, आणि ४ मिली म्हणजे वयात येणं आत्ताच सुरू झालंय.

एक्स-रेत बोन एज ११ वर्षं आलं. सेसमॉइड नाही, बोटांच्या चकत्या हाडाइतक्या रुंद पण अजून टोपी घातलेली नाही, सगळ्या प्लेट स्वच्छ उघड्या. म्हणजे हाडांच्या हिशोबाने तो अकरा वर्षांचा आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाची सरासरी उंची बघितली तर १३७ ही बऱ्यापैकी मध्यावरच येते. म्हणजे तो बुटका कमी आणि उशिरा जास्त आहे.

पुढचं गणित करायचं तर नॅन्सी बेली आणि सॅम्युअल पिनो यांचे १९५२ चे टेबल लागतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मुलांना वर्षानुवर्षं मोजून त्यांनी काढलं की अमुक बोन एजला मुलाने त्याच्या शेवटच्या उंचीचे किती टक्के गाठलेले असतात. टेबल तीन प्रकारचे आहेत, बोन एज वयाच्या आसपास असलेल्यांचं, एक वर्षाहून जास्त मागे असलेल्यांचं आणि एक वर्षाहून जास्त पुढे असलेल्यांचं. आपला मुलगा दोन वर्षांहून मागे, म्हणून मागे असलेल्यांचं टेबल घ्यायचं. तिथे मुलांसाठी बोन एज ११ ला ८२.३ टक्के आहे. मग १३७ भागिले ०.८२३, उत्तर येतं साधारण १६६.५ सेंटीमीटर. म्हणजे अजून जवळजवळ २९ सेंटीमीटर बाकी.

याच मुलाला चुकून सरासरीवाल्यांचं टेबल लावलं तर तिथे ११ ला ८०.४ टक्के आहे आणि उत्तर १७० च्या पुढे जातं. चार सेंटीमीटरचा फरक फक्त टेबल चुकीचं निवडल्यामुळे! नेटवर जे कॅल्क्युलेटर असतात त्यातले काही हा फरक करतच नाहीत, आणि मग आईबाबा जास्तीचा आकडा मनात धरून बसतात. हा फरक का असतो, तर मागे राहिलेली मुलं अकरा वर्षांचं हाड होईपर्यंत दोन वर्षं जास्त वाढत राहिलेली असतात, त्यामुळे त्या टप्प्याला त्यांचं पूर्ण उंचीचं प्रमाण थोडं जास्त झालेलं असतं.

आलेला आकडा घरच्या उंचीशी ताडून बघायचा. आईबाबांच्या उंचीची बेरीज करून मुलगा असेल तर १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि दोनने भागायचं. १६४ अधिक १५२ अधिक १३ म्हणजे ३२९, निम्मे १६४.५. दोन्ही बाजूंना साधारण आठ सेंटीमीटरची मोकळीक असते. आपला अंदाज १६६.५, घरच्या उंचीत अगदी चपखल बसतो. बाबांचा इतिहास, दर वर्षीची बरी वाढ, नुकतंच सुरू झालेलं वयात येणं, मागे असलेलं बोन एज, सगळं एकाच दिशेने बोट दाखवतंय, की ही घरातूनच आलेली उशिराची वाढ आहे. इथे हार्मोनची इंजेक्शनं लागत नाहीत, पाच-सहा महिन्यांनी उंची मोजत राहायचं. मुलगा फारच खचला असेल तर काही महिने टेस्टोस्टेरॉनचे छोटे डोस देऊन वयात येण्याला थोडा वेग देतात, पण तो निर्णय एंडोक्रायनोलॉजिस्टचा, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरचा, आणि त्याने शेवटची उंची वाढत नाही, ती फक्त थोडी लवकर यायला लागते.

आता उलट बाजू. मुलगी साडेबारा वर्षांची, उंची १४३, पाळी चार महिन्यांपूर्वी सुरू झाली. आई १५०, बाबा १६३. आई म्हणते, "डॉक्टर, अजून लहान आहे, वाढेल ना?" बोन एज १३ आलं, म्हणजे वयाच्या जवळच, सरासरीचं टेबल. मुलींसाठी १३ ला ९५.८ टक्के. १४३ भागिले ०.९५८ म्हणजे साधारण १४९. फक्त सहा सेंटीमीटर बाकी. पाळी आल्यावर मुलींची वाढ तशीही पाच-सात सेंटीमीटरच होते, त्यामुळे एक्स-रे न काढताही अंदाज जवळपास हाच आला असता. घरच्या उंचीचं गणित १५० येतं, म्हणजे ती तिच्या घरच्यांसारखीच होणार आहे. ही बातमी आईला ऐकायला जड जाते, पण एक्स-रेचं कामच हे आहे की पोकळ आशा आणि खरी आशा वेगळी करायची. अशा मुलीला उंचीच्या पावडरीवर दर महिन्याला हजारो रुपये घालवण्यापासून वाचवणं हेही एक कामच आहे.

आणि या पावडरी विकणाऱ्यांचं आवडतं वाक्य म्हणजे 'ग्रोथ प्लेट उघड्या आहेत, उंची वाढू शकते'. उघड्या आहेत हे खरं असतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा. मुलाचं बोन एज १५ असताना मनगटाजवळची रेडियसची प्लेट फिल्मवर व्यवस्थित दिसते, पण सरासरीच्या टेबलात तो मुलगा ९६.८ टक्के उंची गाठून बसलेला असतो. म्हणजे १६० चा असेल तर फार तर १६५. बोन एज १६ ला ९८.२ टक्के, म्हणजे तीन सेंटीमीटर. प्लेट मिटायच्या आधी बरीच वर्षं ती मंदावते, आणि एक्स-रेत मंदावणं दिसत नाही, फक्त फट दिसते. म्हणून 'उघडी की बंद' असं विचारू नका, 'टक्के किती झाले' असं विचारा.

तिसरी केस मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे चांगला दिसणारा आकडा फसवतो. मुलगा नऊ वर्षांचा, उंची ११२, म्हणजे तक्त्याच्या तळाच्या रेषेच्याही बऱ्याच खाली. बोन एज ६. मागे असलेल्यांच्या टेबलात ६ ला ६८ टक्के, भागाकार केला की १६४ च्या वर येतं. वाटतं अरे वा, काही काळजी नाही, उशिरा वाढणारा आहे. पण जुन्या नोंदी काढल्या तर गेल्या दोन वर्षांत वर्षाला जेमतेम तीन सेंटीमीटर वाढलाय. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढ अपेक्षित असते, चारच्या खाली सतत असेल तर कारण शोधलंच पाहिजे. वरून मुलगा सुस्त, पोट साफ होत नाही, वजन मात्र उंचीच्या मानाने जास्त. रक्ताची टीएसएच तपासणी केली तर थायरॉइड पार झोपलेलं. टेबल बनलं ते निरोगी मुलांवरून, त्यात गृहीत धरलंय की पुढची वाढ नेहमीच्या वेगाने होणार. या मुलाचा वेग औषधाशिवाय नेहमीचा होणारच नव्हता, त्यामुळे त्या १६४ ला काहीच अर्थ नव्हता.

म्हणजे बोन एज मागे असणं हे निदान नाही. घरातून आलेल्या उशिराच्या वाढीत ते मागे असतं, थायरॉइड कमी असताना, ग्रोथ हार्मोन कमी असताना, सिलिॲकमध्ये म्हणजे गव्हाच्या त्रासात, जुन्या किडनीच्या आजारात, बरीच वर्षं पोटभर खायला न मिळालेल्या मुलातही मागे असतं. एक्स-रे एवढंच सांगतो की वेळ शिल्लक आहे, ती वेळ वापरली जातेय की वाया जातेय हे उंचीच्या वेगावरून कळतं. आणि बोन एज वयाएवढंच असलं म्हणजे सगळं ठीक असंही नाही. बुटक्या मुलीत टर्नर सिंड्रोम असेल तर बोन एज बऱ्यापैकी वयाच्या जवळ असू शकतं, म्हणून कारण न सापडलेल्या प्रत्येक बुटक्या मुलीची गुणसूत्रांची तपासणी करतात, एक्स-रे कसाही असो.

या सगळ्यात चूक किती असू शकते तेही माहीत हवं. एकच फिल्म दोन चांगल्या डॉक्टरांनी वाचली तरी सहा महिने ते वर्षभराचा फरक पडू शकतो. निरोगी मुलांमध्येसुद्धा या वयात बोन एज वयाच्या दोन वर्षं मागे-पुढे असू शकतं. शिवाय ॲटलासमधले फोटो ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या, बऱ्यापैकी सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतल्या मुलांचे, १९३१ ते १९४२ च्या काळातले. आपली मुलं तंतोतंत त्यांच्यासारखी वाढत असतील असं धरून चालता येत नाही. त्यामुळे १६६.५ असा दशांशात आलेला आकडा बघून कोणी हुरळून जाऊ नये, मनात '१६१ ते १७२ च्या दरम्यान' असंच धरावं. बोन एज खूप मागे असेल तर हे टेबल उंची जरा जास्तच सांगतात. बोन एज सहा-सातच्या खाली असेल तर टेबलच नाहीत. आणि ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं चालू असताना हे गणित लावायचंच नाही, कारण टेबलमध्ये औषध घेणारं कोणी नव्हतं.

आणखी एक अगदी आपल्याकडची गोष्ट. बोन एज वयाशी जोडून वाचायचं, पण वय कुठलं? आपल्याकडे शाळेत घालताना बऱ्याच जणांचा वाढदिवस '१ जून' केलेला असतो, खरी तारीख कोणालाच लक्षात नाही किंवा ॲडमिशनसाठी मागेपुढे केलेली. केस पेपरवर शाळेची तारीख लिहिली आणि ती सात-आठ महिने चुकीची असली तर बोन एज किती मागे आहे ते सगळंच घसरतं, कधी कधी टेबलसुद्धा बदलतं. डॉक्टरकडे जाताना हॉस्पिटलची जन्माची चिठ्ठी किंवा लसीकरणाचं कार्ड न्या, आणि लाज न बाळगता खरी तारीख सांगा, तिथे कोणी ॲडमिशन रद्द करत नाही.

एकट्या फिल्मपेक्षा दोन फिल्म नेहमीच जास्त बोलतात. आपला तेरा वर्षांचा मुलगा वर्षभराने परत आला असं धरा, वय १४ वर्षं २ महिने. उंची १४१ आणि बोन एज १२ झालं असेल तर मागे असलेल्यांच्या टेबलात ८४.५ टक्के, उत्तर परत १६७ च्या आसपास. म्हणजे वर्षाला हाडं एक वर्ष पुढे गेली आणि उंचीही त्या मानाने वाढली, अंदाज जागेवर राहिला, छान. पण समजा उंची १४२ झाली आणि बोन एज एकदम १३ वर गेलं. एक सेंटीमीटर जास्त वाढला म्हणून घरचे खूश होतील, पण १३ ला ८८ टक्के, १४२ भागिले ०.८८ म्हणजे साधारण १६१. पाच सेंटीमीटर गेले की! उंची वाढलेली दिसतेय पण शिल्लक त्याहून वेगाने कमी झाली. असं दिसलं की आधी दोन्ही फिल्म परत शेजारी लावून वाचायच्या, कारण दहातल्या बऱ्याच वेळा पहिली किंवा दुसरी वाचण्यात चूक असते, आणि खरंच हाडं धावत असतील तर मग वयात येणं फार वेगाने होतंय का, बाहेरून कुठलं हार्मोन, 'ताकदीचं' इंजेक्शन किंवा न सांगता घेतलेलं आयुर्वेदिक म्हणून दिलेलं काही पोटात जातंय का, हे विचारायचं.

म्हणूनच दर दोन-तीन महिन्यांनी एक्स-रे काढण्यात काही अर्थ नाही, त्या काळात हाडांत दिसण्याएवढा बदलच होत नाही आणि वाचण्यातली चूक बदलापेक्षा मोठी ठरते. सहा महिन्यांच्या आत सहसा नको, वर्षाने ठीक. उंची मात्र तीन ते सहा महिन्यांनी मोजा, चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून, शक्यतो एकाच स्टँडवर आणि दिवसाच्या साधारण एकाच वेळी, कारण संध्याकाळी एखादा सेंटीमीटर कमी भरतो. आणि फिल्म किंवा सीडी फेकू नका, नुसता टाइप केलेला रिपोर्ट जपून उपयोग नाही, दुसऱ्या डॉक्टरला नवीन फिल्मशेजारी जुनी फिल्मच लावून बघायची असते.